ड्रॅकोनिक कुंडली जुळवणी : आठ महिने वापरल्यावर

माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी एका पाश्चात्त्य पद्धतीच्या ज्योतिषाकडून अठरा पानांचा अहवाल मागवला. ज्या मुलासाठी अहवाल काढला, तो तोवर तिचे फोन उचलेनासा झाला होता. अहवालात लिहिलं होतं की, दोघांच्या ड्रॅकोनिक कुंडल्यांमध्ये राहू राहूवर आहे, तिचा चंद्र त्याच्या शुक्रावर आहे, हा आत्म्यांचा जुना करार आहे आणि तो परत येईल. ती वाट बघत बसली. मी पंचांग बघते, हाताने पत्रिका मांडते, म्हणून तिने अहवाल माझ्याकडे दिला. तेव्हापासून आठ महिने मी ही पद्धत वापरते आहे.

पद्धत सोपी आहे. नेहमीच्या कुंडलीत मोजणी मेषारंभापासून होते, इथे ती राहूपासून होते. प्रत्येक ग्रहाच्या अंशांतून राहूचे अंश वजा करायचे, उत्तर ऋण आलं तर 360 मिळवायचे. राहू आपोआप मेषेच्या शून्य अंशावर येतो आणि बाकीचे ग्रह तेवढेच सरकतात. ग्रहांची आपसातली अंतरं बदलत नाहीत. या कुंडलीला 'आत्म्याची कुंडली' मानतात आणि जोडप्यासाठी तीन तुलना करतात: दोघांच्या ड्रॅकोनिक कुंडल्या एकमेकींशी, त्याची ड्रॅकोनिक तिच्या जन्मकुंडलीशी आणि तिची ड्रॅकोनिक त्याच्या जन्मकुंडलीशी.

अहवालातलं पहिलंच वाक्य इथे कोसळतं. ड्रॅकोनिक कुंडलीत राहू प्रत्येकाचाच मेषेच्या शून्यावर असतो, व्याख्याच तशी आहे. त्यामुळे दोन ड्रॅकोनिक कुंडल्यांत राहूवर राहू हा योग जगातल्या कुठल्याही दोन माणसांत निघतो. माझा आणि आमच्या दूधवाल्याचाही निघेल. याचे पैसे घेऊन 'दुर्मीळ' लिहिणाऱ्याला एक तर गणित कळत नाही, नाहीतर समोरच्याची अगतिकता फार चांगली कळते. जन्मकुंडलीत राहूवर राहू येणं ही वेगळी गोष्ट, पण तीही वयाशी बांधलेली आहे. राहू महिन्याला साधारण दीड अंश मागे जातो आणि 18 वर्षं 7 महिन्यांत फेरी पुरी करतो. म्हणजे चार-सहा आठवड्यांच्या अंतराने जन्मलेल्या कुणाचाही राहू जवळपास जुळतो. शाळेतल्या एका वर्गात अशा कितीतरी जोड्या बसलेल्या असतात.

मग मी बाकीच्या दुव्यांकडे वळले. त्यासाठी जन्मवेळा जाहीर असलेलं जोडपं हवं होतं, म्हणून ब्रिटनचे चार्ल्स आणि डायाना घेतले. लग्न 1981 मध्ये, विभक्त 1992 मध्ये, घटस्फोट 1996 मध्ये.

चार्ल्सचा सायन राहू मध्यम गतीने वृषभेत 3 अंश 56 कला, म्हणजे मेषारंभापासून 33 अंश 56 कला. युरेनस मिथुनेत 29 अंश 55 कला, म्हणजे 89 अंश 55 कला. वजाबाकी 55 अंश 59 कला, म्हणजे ड्रॅकोनिक युरेनस वृषभेच्या सव्विसाव्या अंशाच्या अगदी शेवटी. डायानाचा जन्माचा शुक्र वृषभेतच, 24 अंश 24 कलांवर. दोन अंशांच्या आतली युती! उलट बाजूने डायानाच्या गुरूतून तिचा राहू वजा केला की तो कन्येत 5 अंश 22 कलांवर येतो, आणि चार्ल्सचा शनी कन्येत 5 अंश 16 कलांवर आहे. फरक जेमतेम सहा कलांचा. शिवाय दोघांचे ड्रॅकोनिक चंद्र एकमेकांच्या प्रतियोगात, सव्वा अंशाच्या आसपास. हे 1981 मध्ये वाचलं असतं तर 'नियतीने बांधलेली जोडी' म्हटलं असतं. 1996 मध्ये वाचलं तर युरेनस-शुक्र म्हणजे तुटणारच होतं. निकाल कळल्यावर तोच योग दोन्ही बाजूंनी बोलतो, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं.

पुढे मी राहू बदलून पाहिला. पंचांगातला सरासरी गतीने काढलेला मध्यम राहू सोडून स्पष्ट राहू, म्हणजे त्या क्षणीची राहूची खरी जागा घेतली. या दोन राहूंत पावणेदोन अंशांपर्यंत फरक पडू शकतो, डायानाच्या बाबतीत तो दीड अंश आहे. लगेच गुरू-शनीची सहा कलांची युती दीड अंशाच्या पलीकडे गेली आणि युरेनस-शुक्राची अर्ध्या अंशावर आली. काही लोक दीप्तांश, म्हणजे युती मानायला चालणारा फरक, एकच अंश धरतात, त्यांच्या हिशोबात एक दुवा नाहीसा झाला आणि दुसरा जन्माला आला. मावसबहिणीच्या अहवालात कोणता राहू घेतला याचा उल्लेखच नव्हता.

आपल्यासारख्या निरयन वापरणाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ग्रह आणि राहू दोन्हींतून अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन मेषारंभांतलं अंतर, सारखेच वजा होतात, म्हणून ड्रॅकोनिक कुंडली सायन धरा की निरयन, तीच येते. जन्मकुंडली मात्र 23-24 अंशांनी सरकते. चार्ल्सचा निरयन शनी सिंहेत बाराव्या-तेराव्या अंशावर जातो, डायानाचा ड्रॅकोनिक गुरू कन्येतच राहतो, आणि युती संपते. युरेनस-शुक्राचंही तेच होतं. दोन ड्रॅकोनिक चंद्रांचा प्रतियोग तेवढा टिकतो. आत्म्याचा करार मेषारंभ कुठे धरला यावर ठरत असेल, तर त्यावर लग्नाचा निर्णय कसा सोडायचा?

शेवटी साधा हिशोब केला. दहा ग्रह विरुद्ध दहा ग्रह म्हणजे शंभर जोड्या, तीन तुलना म्हणजे तीनशे. दीप्तांश दोन धरला तर खिडकी चार अंशांची, म्हणजे 360 मध्ये नव्वदातली एक संधी. तीनशेला नव्वदने भागलं की सरासरी सव्वातीनच्या थोड्या वर युत्या, प्रतियोग धरले तर सहा-सात दुवे. हे कुठल्याही दोन माणसांत. पडताळा म्हणून नात्यातल्या बारा जोडप्यांच्या पत्रिका काढल्या आणि मग नवरे-बायका मुद्दाम अदलाबदल करून पुन्हा जुळवल्या. काकूची पत्रिका मामांशी, मामीची आत्याच्या यजमानांशी. वहीची दोन पानं शेजारी ठेवली तर खरी जोडपी कुठली हे मला ओळखता आलं नाही. माझ्या आईबाबांचे दोनच दुवे निघाले. त्यांच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आहेत, आणि बाबांच्या बायपासनंतर आई दवाखान्यातल्या लाकडी बाकावर सहा रात्री झोपली होती.

पद्धत मी टाकून दिलेली नाही. राहूपासूनची अंतरं बघायला मला आवडतात आणि दोन ड्रॅकोनिक कुंडल्यांची तुलना मी अजून करते, कारण तिला अयनांशाचा वाद लागत नाही. पण 'सोलमेट' हा शब्द मी त्यातून काढत नाही. कुणी अहवाल मागवलाच असेल तर तीन गोष्टी विचारा: राहू मध्यम की स्पष्ट, जन्मकुंडली सायन की निरयन, आणि दीप्तांश किती. तसंच चंद्रावर आधारलेल्या दुव्यासाठी जन्मवेळ कुठून घेतली तेही बघा, कारण चंद्र तासाला अर्धा अंश चालतो आणि 'संध्याकाळी दिवेलागणीला' एवढ्यावर एका अंशाची युती उभी राहत नाही.

मावसबहिणीला मी तिचा चंद्र त्या मुलाच्या शुक्राशी मांडून दाखवला. मग तीच वजाबाकी तिच्या ऑफिसातल्या चार जणांच्या तारखा घेऊन तिच्याकडूनच करून घेतली. तिसऱ्या तारखेला तिचा चंद्र पुन्हा एका शुक्रावर आला, आधीपेक्षा जवळ. "ताई, हा तर आमचा अकाउंटंट," ती म्हणाली, आणि पेन खाली ठेवून बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. रात्री तिने त्या मुलाचा नंबर फोनमधून काढून टाकला.