व्हीआरएसच्या नावाखाली कामगार कपात : आमच्याकडून सह्या कशा घेतल्या ते वाचा

चाकणच्या बाजूच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत मी ऑपरेटर होतो. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पण जे झालं ते सविस्तर लिहितो कारण हाच फॉर्म्युला आता दुसरीकडेही वापरतायत असं कानावर येतंय.

जानेवारी २०१९ मध्ये एचआरने आम्हाला पाच-पाच जणांच्या बॅचने केबिनमध्ये बोलावलं. ऑर्डर कमी झाल्यात, लाइन बंद करायचीय, पण कंपनी तुमचं वाईट करणार नाही, दीड लाख एकरकमी देतो, आजच चेक. समोर इंग्रजीत टाइप केलेला एक पानी कागद, तारखेची जागा कोरी. बाहेर गेटवर सिक्युरिटीला आधीच सांगून ठेवलेलं की ज्याची सही नाही त्याला उद्यापासून आत सोडायचं नाही. चौतीस जणांच्या सह्या अशा दोन दिवसांत उरकल्या. घरी पोराने वाचून सांगितलं की कागदावर लिहिलंय, मी वैयक्तिक कारणाने स्वखुशीने राजीनामा देत आहे.

खरी गोम तिथेच आहे. कंपनीने कामगाराला कमी केलं की ती कायद्याने कपात होते, आणि कपात म्हटली की नोटीस, भरपाई, सरकारची परवानगी सगळं मागे लागतं. पण कामगार आपणहून गेला तर ती कपात धरत नाहीत. म्हणून तो राजीनामा. म्हणजे दीड लाखात त्यांनी फक्त आमची नोकरी नाही घेतली, परवानगीची कटकटही वाचवली.

परवानगीचं असं, की तेव्हा औद्योगिक विवाद कायदा १९४७ लागू होता आणि त्यात ज्या कारखान्यात मागच्या बारा महिन्यांत सरासरी शंभर किंवा जास्त कामगार आहेत तिथे एकालाही कपातीत काढायचं तर आधी सरकारकडे कारणं देऊन अर्ज करावा लागायचा. त्या अर्जाची प्रत कामगारांना द्यावी लागते, दोन्ही बाजू ऐकून घेतात, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. त्यामुळे ‘परमिशन घेतलीय’ असं कोणी म्हणालं तर एवढंच विचारायचं, आमची प्रत कुठाय? नसेल देत तर कामगार उपायुक्त कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाका, असा अर्ज आला होता का. आम्ही टाकला. आलाच नव्हता.

त्यावर कंपनी म्हणते आमच्याकडे चौऱ्याण्णवच कामगार, परवानगी लागतच नाही. मस्टरवर मात्र ११८ होते, ठेकेदाराची माणसं सोडून. मग चोवीस गेले कुठे? त्यांना तीन महिने आधी ‘असिस्टंट सुपरवायझर’ अशी लेटर्स दिली होती! पगार तोच, मशीन तेच, शिफ्ट तीच. आम्ही तर पेढे वाटले होते तेव्हा. कायदा हुद्द्याचं नाव बघत नाही, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघतो, आणि शिवाय आकडा बारा महिन्यांच्या सरासरीचा असतो, शेवटच्या तिमाहीचा नाही. तुमच्याकडे अचानक अशी प्रमोशनं वाटली जात असतील तर जरा सावध रहा.

आता पैशांचं. माझ्यासोबतच्या एकाचा हिशोब सांगतो, त्याच्या परवानगीने, थोडे आकडे गोल करून. नोकरी दहा वर्षं सात महिने. बेसिक ८,३०० आणि डीए ६,०००, बाकी एचआरए वगैरे धरून मागच्या तीन महिन्यांचा सरासरी पगार १८,०००. भरपाई म्हणजे दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहाच्या वर गेले की ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे अकरा वर्षं. महिन्याच्या पगारवाल्याला पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार, ९,००० गुणिले ११, झाले ९९,०००. नोटीस शंभरावरच्या कारखान्यात तीन महिन्यांची, नाहीतर तेवढा पगार, ५४,०००. ग्रॅच्युइटी वेगळी, तिचा हिशोब बेसिक-डीएवर आणि भागायचं २६ ने : १४,३०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११, म्हणजे ९०,७५०. सगळं मिळून २,४३,७५०. रजेचे पैसे आणि बोनस यात धरलेलेच नाहीत.

मिळाले दीड लाख. ते कसे बनवले ते आम्हाला नंतर कळलं, कारण अकाउंट्समधल्या एकाने फुल अँड फायनलची शीट दाखवली आणि आमच्या एका पोराने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. त्यात ग्रॅच्युइटी ९०,७५०, भरपाई ४१,५००, नोटीस पे ८,३००, आणि उरलेले ९,४५० ‘एक्स ग्रेशिया’. भरपाईत त्यांनी अर्धा पगार फक्त बेसिकवर धरला आणि वरचे सात महिने गिळले, म्हणून ४,१५० गुणिले १०. नोटीस एकाच महिन्याची, तीही बेसिकवर. आणि ग्रॅच्युइटी तर ज्याची पाच वर्षं झाली त्याला राजीनामा देऊनही मिळतेच, ती यात मिसळून आकडा फुगवला. म्हणजे एकरकमी म्हटलं की आधी विचारायचं, यात ग्रॅच्युइटी किती?

पण हीच शीट त्यांच्या अंगलट आली. राजीनामा देणाऱ्याला नोटीस पे आणि कपातीची भरपाई कोण देतं हो? एका कागदावर स्वखुशी आणि दुसऱ्यावर भरपाई. आमच्या युनियनच्या वकिलांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा त्यांनी चष्माच काढला. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, कपातीत त्या त्या कामातला शेवटी आलेला आधी जातो, आणि त्यासाठी सीनियॉरिटी लिस्ट किमान सात दिवस आधी बोर्डावर लावावी लागते. आमच्याकडे लिस्ट कधी लागलीच नाही, दहा-बारा वर्षं जुने गेले आणि दोन वर्षांपूर्वीची पोरं राहिली. जुन्यांचा पगार जास्त, एवढंच कारण.

परवानगी लागत असून घेतली नाही तर ती कपात बेकायदा, नोटीस दिलीच नाही असं धरून सगळे हक्क चालू राहतात, म्हणून भांडण फक्त ९३,७५० च्या फरकाचं नाही. आम्ही आधी सहाय्यक कामगार आयुक्तांकडे गेलो, तिथे कंपनीचा माणूस दर वेळी तारीख मागायचा. पंचेचाळीस दिवसांनी कामगार स्वतः थेट कोर्टात अर्ज करू शकतो, तसं केलं. जुन्या कायद्यात काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती.

आता नियम बदललेत हे लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, त्यात कारखान्याला परवानगीची अट शंभरवरून तीनशेवर गेली. तीनशेच्या आत असाल तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला पंधरा दिवस एवढंच. शिवाय कपात झालेल्याला रीस्किलिंग फंडातून पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांत खात्यावर यायला हवा, पण तोही ‘राजीनामा’ दिलेल्याला नाही. म्हणजे त्या कोऱ्या तारखेच्या कागदाची किंमत अजून वाढली. कागद पुढे केला तर मराठीत प्रत मागा, मिळाली नाही तर सही खाली स्वतःच्या हाताने लिहा की सांगितलं म्हणून सही केली, पैसे आक्षेप ठेवून घेतले.

आमची केस अजून पुराव्याला आहे. मागच्या तारखेला एचआरने साक्षीत सांगितलं की शीटवरचं ‘भरपाई’ हे क्लार्कची टायपिंगची चूक. चौतीस शीटवर तीच चूक कशी झाली, हे आमचे वकील पुढच्या तारखेला विचारणार आहेत.