केप, पोंचो, क्लोक, श्रग: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

ऑनलाइन 'केप' शोधा, त्यात पोंचोही येतात, श्रगही येतात आणि एखादं कफ्तानही. विक्रेत्याने दिलेल्या नावावर जाऊ नये. जून ते फेब्रुवारी केप, पोंचो, क्लोक आणि श्रग हे चारही प्रकार लातूर आणि संभाजीनगरकडे आळीपाळीने वापरले, बहुतेक वेळा स्कूटीवर. त्यातून एक पक्कं कळलं: कपडा हातात घेतला की तीनच गोष्टी बघायच्या. डोकं कुठून जातं, समोरून उघडतो का, आणि हात कुठून बाहेर येतात.

पोंचो सगळ्यात सोपा. चौकोनी कापड, मधोमध गळ्याची चीर, बस्स. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. समोर उघडत नाही, डोक्यातून घालावा लागतो, बाही नाही, बाजू मोकळ्या. घोंगडीला मधे चीर दिली तर तोच पोंचो झाला. फक्त चिरेच्या कडा लगेच पट्टी लावून बांधायच्या, नाहीतर लोकर सुटत जाते आणि गळा महिन्याभरात पोटापर्यंत येतो.

स्कूटीवर पोंचोची खरी परीक्षा होते. हात हँडलकडे पुढे गेले की हातांवरचं सगळं कापड वर उचललं जातं. मग पोट उघडं पडतं, आणि मोकळ्या बाजूंतून वारा आत शिरून पाठ फुग्यासारखी फुगते. पावसाळी पोंचोत म्हणूनच दोन्ही बाजूंना टिचबटणं असतात. काखेखालचं पहिलं बटण लावलं की फुगणं बरंच कमी होतं. खालची सगळी लावली तर मात्र पाय टेकवताना कापड ताणतं आणि टिचबटण मुळासकट उपटून येतं. आधी तेच तुटलं. पाठीवरची बॅग आत झाकली जाते हा पोंचोचा मोठा फायदा, रेनकोटमध्ये ती मावत नाही. तोटा असा, की मांडीवर पाण्याचं तळं साचतं आणि ब्रेक मारला की ते पुढे सांडतं.

केप समोरून उघडतो. गळ्याशी हूक किंवा बटण, खाली मोकळा. बाही नसते, पण चांगल्या केपला पुढच्या बाजूला हात काढायला दोन उभ्या चिरा असतात. चिरा खांद्यापासून साधारण 12 इंच खाली सुरू होऊन 8-9 इंच लांब असल्या तर कोपरापासून पुढचा हात आरामात बाहेर येतो. त्याहून वर असतील तर हात बाहेर काढताच अख्खा केप वर चढतो. चिरा नसतील तर एक हात नेहमी पुढची कड धरण्यात अडकतो. भाजी आणायला असा केप घालून गेलात तर एका हाताने पिशवी, एका हाताने केप, आणि पैसे दातात.

केपचा खांदा बसत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त येते. त्याचं कारण कापडात नसून घेरात असतं, म्हणून ते मापानेच सांगितलेलं बरं. गळ्याचा घेर 16 इंच धरा. दोन्ही दंडांवरून खांद्याभोवती टेप फिरवली तर माप 40 इंच येतं. गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत अंतर 5 इंच. म्हणजे गळ्याखाली 5 इंचांवर केपला जवळजवळ 40 इंच घेर हवाच. अर्ध्या वर्तुळाचा केप कापला तर त्या जागी जेमतेम 32 इंच भरतात. मग कापड खांद्यावर अडकतं, गळा मागे ओढला जातो आणि हूक नरड्याला टोचतो. तीन चतुर्थांश वर्तुळ कापलं तर तिथे बरोबर 39-40 इंच येतात. पूर्ण वर्तुळात 47, म्हणजे खांद्यावरच झोळ पडायला सुरुवात होते. दिसतो छान, पण वाऱ्यात सांभाळवत नाही.

तेव्हा शिंप्याला 'तीन चतुर्थांश वर्तुळ' सांगायचं. या घेरासाठी गळ्याची त्रिज्या 3.4 इंच. शिंपी सवयीने अर्धं वर्तुळ कापतात, कारण ते कमी कापडात बसतं. अर्धंच कापून झालं असेल तर गळ्याजवळ खांद्यावर डार्ट घालून भागत नाही, उलट घेर आणखी कमी होतो. गळा मोठा करायचा आणि कॉलर लावायची, एवढाच उपाय उरतो.

तयार केप घेताना ही बेरीज करत बसायची गरज नाही. केप जमिनीवर पसरवा. समोरच्या दोन सरळ कडा एका रेषेत आल्या तर ते अर्धं वर्तुळ. त्यांच्यात काटकोन राहिला तर तीन चतुर्थांश. एकमेकींना चिकटल्या तर पूर्ण.

गोल कापलेल्या कापडाचा काही भाग उरेब येतो आणि तेवढाच भाग पुढे लोंबतो. त्यामुळे खालची तुरपाई करण्याआधी केप एक दिवस हँगरवर टांगून ठेवायला सांगा, मग खालची कड सारखी करून घ्या. घाईत शिवलेला केप पहिल्या धुण्यानंतर चार ठिकाणी चार लांबींचा होतो.

क्लोक म्हणजे केपचाच मोठा भाऊ: पोटरीपर्यंत किंवा घोट्यापर्यंत, घेर जास्त, बहुधा टोपीसकट, गळ्याशी जाड हूक. केप कुठे संपतो आणि क्लोक कुठे सुरू होतो यावर शिवणारेही एकमत नसतात. गुडघ्याच्या बऱ्याच खाली गेला की क्लोक म्हणावं. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात तो प्रकार याच्या जवळचा, फक्त तिथे हूक नसतो, मूठ असते. पहाटे शेतावर पाणी द्यायला उभं राहायचं असेल तर याच्याएवढं उबदार काही नाही. दुचाकीवर मात्र घालू नका. ओढणीसारखाच तो मागच्या चाकात आणि चेनमध्ये जातो, आणि गळ्याशी हूक असल्याने सुटतही नाही. टोपी वाऱ्याने भरली की तीही गळा मागे खेचते.

श्रग या तिघांत बसतच नाही, कारण त्याला बाह्या असतात. किंबहुना बाह्या आणि पाठ एवढाच तो असतो. समोर बंद करायला काही नसतं. सोपा श्रग आयताकृती कापडाचा होतो: कापड दुमडायचं, दोन्ही टोकांना दुमडीच्या बाजूने हातापुरती 7 इंच जागा सोडून उरलेली कड शिवायची. हा शिवलेला प्रकार पसरवला तर पोंचोसारखाच चौकोन दिसतो, फोटोत तर फरक कळतच नाही. म्हणून मॉडेलने हात वर केलेला फोटो शोधा. काखेखाली शिवण आणि हाताला वेगळं भोक दिसलं तर श्रग, हातासोबत कापडाची कड उचलली गेली तर पोंचो.

सनकोटऐवजी श्रग घेणाऱ्यांची निराशा होते. उन्हात दंड झाकले जातात, पण गळा आणि छाती उघडीच राहते. विणलेला श्रग हँगरवर टांगला तर खांद्यावर दोन शिंगं येतात आणि बाह्या बोटांवर उतरतात. घडी घालूनच ठेवावा.

हिमरू शालीपासून केप शिवून घ्यायची कल्पना आमच्याकडे बऱ्याचजणींना सुचते. हिमरूच्या उलट बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात. अस्तर लावलं नाही तर बांगडी आणि अंगठी त्यातच अडकते आणि सुलट बाजूची नक्षी ओढली जाते. शाल कापूच नये. गळ्याशी बटण-लूप लावून तशीच खांद्यावर घ्यावी, वाटेल तेव्हा काढता येते.