सोयाबीन खरेदीची सूचना: एकच मजकूर, तीन मसुदे

यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढे दर हंगामाला एकच पेच असतो. वरून आलेली खरेदीची सूचना जशीच्या तशी ग्रुपवर टाकायची, की पोरांना आवडेल अशी करून टाकायची? सातबारा बापाच्या नावावर असतो, पण नोंदणीचा फॉर्म भरतो तो बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि तेही मोबाइलवर. मजकूर त्यांनी वाचला नाही तर तो बापापर्यंत पोचत नाही. उथळ वाटला तर घरात कोणी त्यावर गाडी भरणार नाही. म्हणून हमीभावाने सोयाबीन खरेदीची एकच सूचना खाली तीन तऱ्हांनी लिहिली आहे.

पहिला मसुदा, कार्यालयातून आला तसा

> सर्व सभासद शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की, किंमत समर्थन योजनेअंतर्गत सन 2025-26 च्या खरीप हंगामातील सोयाबीन खरेदी सदर केंद्रावर सुरू करण्यात येत असून, इच्छुक शेतकऱ्यांनी आवश्यक कागदपत्रांसह नोंदणी करून घ्यावी. मालाची आर्द्रता विहित मर्यादेपेक्षा अधिक नसावी. निकषांत न बसणारा माल स्वीकारला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

दुसरा मसुदा, पोरांसाठी म्हणून केलेला

> भावांनो 🔥🔥 सोयाबीनला तगडा भाव! व्यापाऱ्याले म्हणा टाटा 👋 आजच माल घेऊन या, लगेच पैसे खात्यात! शेअर करा 💪

तिसरा मसुदा, बोलका पण पक्का

> सोयाबीनला हमीभाव 5328 रुपये क्विंटल (हंगाम 2025-26). पण आधी मॉइश्चर तपासा.
> 12 टक्क्यांपर्यंत असेल तर माल घेतो. 12 च्या वर असेल तर गाडी परत जाते.
> नोंदणी आधी, माल नंतर. ज्याच्या नावावर सातबारा, त्याचंच आधार आणि त्याचंच बँक पासबुक. सातबाऱ्यावर यंदाचा सोयाबीनचा पेरा चढलेला पाहिजे.
> मेसेज आल्यावरच गाडी भरा.
> मॉइश्चर केंद्रावर फुकट मोजून देतो. तीन-चार पोत्यांच्या मधून काढलेलं पावशेर सोयाबीन आणा, सकाळी 10 ते 5.

पहिला मसुदा भारदस्त दिसतो, म्हणून तो विश्वासाचा वाटतो. नीट वाचला तर त्यात भाव नाही, मॉइश्चरचा आकडा नाही आणि कागदपत्रांची नावंही नाहीत. ‘विहित मर्यादा’, ‘आवश्यक कागदपत्रे’, ‘निकष’ हे शब्द माहितीच्या जागी बसवले आहेत. अवघड मजकूर सोपा करायला बसलं की हीच गोष्ट आधी कळते: कडक भाषेमागे बऱ्याचदा मजकूर अर्धवट असतो. त्यामुळे लिहिण्याआधी ग्रेडरला आणि नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्याला विचारून रिकाम्या जागा भरून घ्या. फक्त ‘कळविण्यात येते’चं ‘सांगतो’ केलं, तर पोकळ मजकूर सोप्या भाषेत पोकळ राहतो.

दुसऱ्या मसुद्याचं नुकसान जास्त आहे, आणि ते इमोजीमुळे नाही. ‘आजच माल घेऊन या’ या एका वाक्याने लोक नोंदणी आणि मेसेज न पाहता ट्रॅक्टर भरून येतात. केंद्रावर गाडी परत लावली की भाडं दोन्ही वेळचं आणि हमाली दोन्ही वेळची शेतकऱ्याच्या अंगावर. ‘लगेच पैसे’ हे वचन तर कंपनीच्या हातातच नाही. पैसे खरेदी यंत्रणेकडून शेतकऱ्याच्या खात्यात जातात, कंपनी फक्त केंद्र चालवते. जे आपल्या हातात नाही, त्याची तारीख पोस्टमध्ये लिहू नये. कोणी कमेंटमध्ये विचारलं तर पैसे कोण देतं, कोणत्या खात्यात येतात आणि काट्याची पावती का जपून ठेवायची, हे सरळ सांगावं. व्यापाऱ्याला टोमणाही नको. तो त्याच गावचा असतो, आणि निकषात न बसलेला माल शेवटी त्याच्याकडेच जातो.

तिसऱ्या मसुद्यात ‘आर्द्रता’ जाऊन ‘मॉइश्चर’ आलं आहे. शुद्ध मराठीच्या आग्रहाने इथे ‘ओलावा’ लिहावंसं वाटतं, ते चूकही नाही. पण बाजार समितीत अडत्या, ग्रेडर आणि शेतकरी तिघंही मॉइश्चरच म्हणतात. तरुणाला शब्द ओळखीचा वाटला तर लिहिणारा माणूस काट्याजवळ उभा राहणारा आहे, हे त्याला कळतं. तोच नियम ‘किंमत समर्थन योजने’ला लावला तर ‘हमीभाव’ हा शब्द पुढे येतो. मात्र योजनेचं पूर्ण नाव कॅप्शनच्या शेवटी एकदा राहू द्या, कारण पोरं सरकारी संकेतस्थळावर खात्री करायला तेच नाव टाकतात.

भाषा बदलताना काय हलवायचं नाही, हे आधी ठरवा. या सूचनेत चार गोष्टी आहेत: भाव आणि त्याचा हंगाम, 12 ची मर्यादा, कागद कोणाच्या नावाचे, आणि माल परत जाऊ शकतो हे वाक्य. चौथी गोष्ट बहुतेक जण मजकूर गोड करण्यासाठी गाळतात. खरं तर तरुण वाचकाचा विश्वास तिच्यावरच बसतो. जो केंद्रवाला गाडी परत जाईल हे आधी सांगतो, त्याचा भावाचा आकडाही लोक खरा मानतात.

आता खरी शंका, जी कमेंटमध्ये येतेच: ‘वाळवलं तर वजन घटतं, मग फायदा काय?’ पहिल्या मसुद्याकडे याला उत्तर नाही, दुसऱ्याकडे आरडाओरडा आहे. तिसऱ्याच्या पुढच्या पोस्टमध्ये हिशेबच मांडा. 100 किलो सोयाबीन 15 मॉइश्चरचं असेल तर त्यात 85 किलो कोरडा दाणा आहे. 12 वर आणलं की तोच 85 किलो म्हणजे मालाचे 88 टक्के, म्हणून 85 भागिले 0.88, वजन उरतं सुमारे 96.6 किलो. घट साडेतीन किलोच्या आत. समजा बाहेर 4300 भाव मिळतोय, तर ओल्या क्विंटलचे 4300. वाळवलेल्या 96.6 किलोचे 5328 च्या दराने सुमारे 5146. वाळवायची मजुरी आणि एक-दोन दिवसांचं ऊन त्यातून वजा करा. 4300 हा आकडा उदाहरणाचा आहे हे पोस्टमध्येच लिहा आणि शेजारी ‘तुमच्या बाजारचा आजचा भाव इथे घाला’ असं सांगा. असा हिशेब पोरगं स्वतःच्या मोबाइलवर करून पाहतं. तिथे ‘तगडा भाव’ म्हणायची गरजच राहत नाही.

याच पोस्टमध्ये एक बारीक गोष्ट सांगून टाकावी. उन्हातून नुकतंच उचललेलं सोयाबीन गरम असताना मोजलं तर मीटरचा आकडा भरवशाचा येत नाही. सावलीत थंड होऊ द्यावं, मग मोजावं. दोन मीटरमध्ये थोडा फरक पडू शकतो, म्हणून घरच्या मोजणीत 12 वर थांबू नये, 11 च्या आसपास आणावं. परतीच्या पावसाच्या वर्षी हे एक वाक्य अनेक गाड्या वाचवतं.

वऱ्हाडी कुठे वापरायची? बोलण्यात, लिहिलेल्या अटींमध्ये नाही. रीलमध्ये केंद्रावरच्याच माणसाने मीटर हातात धरून ‘काहून बाप्पा, गाडी वापस गेली?’ म्हणून सुरुवात केली आणि ‘मॉइश्चर पाहूनच गाडी भरजा’ म्हणून संपवलं, तर ते कानाला खरं लागतं. तेच वाक्य कंपनीच्या लोगोखाली छापलं की कोणीतरी शहरात बसून आपली बोली वापरतंय असं वाटतं. शिवाय वऱ्हाडी सगळ्या विदर्भाची नाही. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोली आहे, तिकडे हीच पोस्ट परकी वाटेल. आकडे, तारखा, कागदपत्रं मात्र सगळीकडे साध्या प्रमाण मराठीतच राहू द्यावीत, कारण हाच भाग बापाला मोठ्याने वाचून दाखवला जातो.

माध्यम बदललं की चुकाही बदलतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे पाठवलं जातं तेव्हा त्याखालचा मजकूर गळून पडू शकतो. म्हणून हंगाम, केंद्राचं गाव आणि पोस्टची तारीख चित्राच्या आतच लिहा. 2024-25 चा हमीभाव 4892 होता. तारीख नसलेलं तेव्हाचं चित्र आज फिरलं तर केंद्रावर भांडण कंपनीशीच होतं. पाठवलेला संदेश 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण चित्रातला आकडा दुरुस्त होत नाही, आणि जे पुढे गेलं ते गेलंच. इन्स्टाग्रामवर कॅप्शन सुरुवातीच्या एक-दोन ओळींनंतर दुमडतं, त्यामुळे ‘सर्व सभासद शेतकरी बांधवांना’ने सुरुवात केली तर तेवढंच दिसतं. भाव आणि 12 चा आकडा पहिल्याच ओळीत हवा. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून नोंदणीची जागा शब्दांत सांगा.

आकडा चुकलाच तर पोस्ट गुपचूप काढू नका. तीच पोस्ट ठेवून वरच्या कमेंटमध्ये ‘दुरुस्ती: सकाळी 11.20, मर्यादा 12 आहे, आधी चुकून 14 लिहिलं होतं’ असं लिहून पिन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या ग्रुपमध्ये चुकीचं गेलं, त्याच प्रत्येक ग्रुपमध्ये दुरुस्ती टाका.

निवड करायची तर पहिला मसुदा फेकून देऊ नका. केंद्राच्या फलकावर आणि फाइलमध्ये तोच लागतो, तक्रार झाली तर आधार त्याचाच. पण त्यातल्या रिकाम्या जागा भरूनच तो लावा. मोबाइलवर तिसरा. दुसरा कुठेच नको, अगदी स्टेटसलाही नाही. स्टेटस 24 तासांत जातं, पण त्याचा स्क्रीनशॉट उरतो.

टाकण्याआधी एक चाचणी करा. कंपनीशी संबंध नसलेल्या एका तरुणाला मजकूर दहा सेकंद दाखवून मोबाइल परत घ्या आणि तीन प्रश्न विचारा: माल कधी न्यायचा, कोणाचं पासबुक लागतं, गाडी परत कशाने येते? ‘मेसेज आल्यावर’, ‘बाबांचं’, ‘मॉइश्चर बाराच्या वर गेलं तर’ ही तीन उत्तरं आली की पोस्ट टाका. एकही अडखळलं तर त्या उत्तराची ओळ वर घ्या आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. त्याच माणसाला पुन्हा विचारून उपयोग नाही, त्याला उत्तर पाठ झालेलं असतं.