पेटी वाजवत गाणाऱ्यासाठी एकच माईक: कार्डिऑइड, ऑम्नी की फिगर-एट?

खोली साधारण 10 बाय 12 फुटांची, खाली फरशी, वर काँक्रीटचा स्लॅब. गायक मांडी घालून बसून स्वतःच पेटी वाजवतो, शेजारी तबला. माईक एकच, पण पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेचा आवाज किती घ्यायचा ते, बदलण्याची सोय असलेला. तो तोंडाच्या उंचीवर, 30 सेंटीमीटर समोर धरला आहे असं समजू.

खोलीचा घुमारा कमी यावा म्हणून बहुतेक जण डोळे मिटून कार्डिऑइड निवडतात. पण सर्व दिशांनी घुमून येणारा आवाज कार्डिऑइड आणि फिगर-एट सारखाच घेतात. समोरच्या आवाजाच्या तुलनेत दोघांतही तो सगळीकडून सारखंच ऐकणाऱ्या ऑम्नीपेक्षा जवळपास 5 डेसिबलने कमी असतो. त्यामुळे या दोघांत ठरवताना खोली किती येते यापेक्षा ती कुठून येते हे पाहावं लागतं.

कार्डिऑइड नेमका पाठीमागे बहिरा असतो. बाजूने, म्हणजे 90 अंशांवर, आवाज फक्त 6 डेसिबलने कमी होतो. आपल्या मांडणीत पेटी माईकच्या थेट खाली, साधारण अर्ध्या मीटरवर येते, म्हणजे बरोबर 90 अंशांवर. त्यामुळे भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट गाण्यासोबत येतेच, आणि स्लॅबवरून परतलेला आवाजही येतो. शिवाय कार्डिऑइडचं तोंड गायकामागच्या भिंतीकडे असतं, म्हणून गोधडी किंवा गादी लावायची ती गायकाच्या पाठीमागे. बरेच जण ती माईकमागे लावतात. तिथून परतणारा आवाज हा पॅटर्न एरवीही फारसा घेत नाही.

फिगर-एट पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, आणि 90 अंशांवर जवळजवळ काहीच ऐकत नाही. हा बहिरेपणा माईकभोवती कड्यासारखा असतो: खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. आडवा रोखलेला माईक पेटी, फरशी, स्लॅब आणि दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच वेळी टाळतो. तबलजी गायकाच्या उजव्या हाताला, माईकच्या बरोबर बाजूला, 90 अंशांवर बसला तर तबलाही बराच कमी होतो. गायकासमोर बसला तर तो थेट मागच्या कानात येईल. पेटी पूर्ण गायब होणार नाही, कारण तिचे परावर्तित आवाज इतर दिशांनी येतात. पण गाण्याची पातळी वर-खाली करताना पेटी सोबत ओढली जात नाही, आणि मिक्स करताना हे फार मोलाचं ठरतं.

फिगर-एट बिघडतो तो मागच्या भिंतीमुळे. भिंत माईकमागे 60 सेंटीमीटरवर असेल, तर परतलेला आवाज 1.2 मीटर जास्त चालून, सुमारे 3.5 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागची बाजू उलट्या ध्रुवतेची असल्याने 285, 570, 855 हर्ट्झच्या आसपास आवाज कापला जातो. गळा पोकळ, डब्यात गायल्यासारखा वाटला तर कारण बहुधा हेच. माईकमागे दीड-दोन मीटर जागा सोडली आणि त्या भिंतीवर जाड गोधडी टांगली की हा दोष बराच मावळतो.

दुसरी अडचण खर्जाच्या फुगीरपणाची. जवळ गेल्यावर खालचे स्वर वाढतात, आणि फिगर-एटमध्ये ते कार्डिऑइडपेक्षा जास्त वाढतात. 30 सेंटीमीटरवर 180 हर्ट्झच्या सुमारास फिगर-एटमध्ये 3 डेसिबल, तर कार्डिऑइडमध्ये जेमतेम 1 डेसिबल वाढ दिसते. काही माईकमध्ये उत्पादकाने याची भरपाई आधीच केलेली असते. मंद्र सप्तकात आवाज जाडसर झाला तर आधी 10 सेंटीमीटर मागे सरका, मग लो-कटला, म्हणजे खालचे स्वर कापणाऱ्या फिल्टरला हात लावा.

ऑम्नीत हा फुगीरपणा जवळजवळ नसतो आणि प, फ, ब, भ यांचा फटकाही कमी बसतो. गायक मान हलवत गात असेल तर त्याचा रंग फारसा बदलत नाही. फक्त खोलीचं बाकी दोघांइतकंच प्रमाण हवं असेल तर 30 ऐवजी 17-18 सेंटीमीटरवर यावं लागतं. पेटी मात्र पूर्ण येते. म्हणून चांगल्या घुमाऱ्याच्या सभागृहात, किंवा पेटी-तबला-गाणं मुद्दाम एकत्र घ्यायचं असेल, तर आम्ही ऑम्नीच लावू. फरशीच्या छोट्या खोलीत नाही.

आमचा कौल: माईकमागे दीड मीटर जागा असेल तर फिगर-एट, माईक भिंतीला चिकटूनच ठेवावा लागत असेल तर कार्डिऑइड.

ठरवण्यापूर्वी माईक न हलवता तिन्ही पॅटर्नवर तीच एक ओळ गाऊन घ्या, शेवटी एकदा टाळी वाजवा आणि नंतर फक्त पेटी वाजवा. गाण्याची पातळी तिन्ही ट्रॅकवर कानाने सारखी करून मगच टाळीची शेपूट आणि पेटी ऐका. पातळी न जुळवता ऐकलं तर जो ट्रॅक मोठा, तोच चांगला वाटतो.