ग. जोशी की रा. जोशी? इतिवृत्ताचा फोटो वाचणाऱ्या ॲपचा पाच महिन्यांचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने दरमहा समितीच्या सभेचे हस्तलिखित इतिवृत्त मी फोटो काढून या ॲपला देतो आणि त्यातून ठराव, सूचक, अनुमोदक व जबाबदार व्यक्ती असा तक्ता करून घेतो. मोफत मिळणारी पाने दुसऱ्याच महिन्यात संपली. तेव्हापासून १९९ रुपये महिना मी खिशातून भरतो आहे, त्यामुळे पुढील तक्रार थोडी तिखट वाटल्यास समजून घ्यावे.

अक्षरओळख माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. गाडी अडली ती गच्चीच्या ठरावावर. नोंदवहीत मजकूर असा होता: ‘ठराव क्र. ४. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन दरपत्रके मागवावीत. सूचक: ग. जोशी. अनुमोदक: सौ. पाटील. सर्वानुमते मंजूर.’ चार ओळींखाली, दुसऱ्या विषयाची चर्चा झाल्यावर, ‘वरील क्र. ४ कामी खजिनदारांनी पाठपुरावा करावा’ असे लिहिलेले होते. तक्त्यात सूचक म्हणून रा. जोशी आले आणि जबाबदार व्यक्ती म्हणूनही तेच! घाईत लिहिलेला ‘ग’ हा ‘रा’ सारखा दिसतो, हे मान्य. परंतु सूचकालाच कामाला जुंपण्याचा अधिकार ॲपला कोणी दिला? तक्ता मी न तपासता संस्थेच्या ग्रुपवर टाकला आणि सभेला आलेच नसलेल्या रा. जोशींनी रात्री साडेदहाला फोन करून माझी खरडपट्टी काढली.

तीन महिने मी याच एका दोषावर चिडून होतो. नंतर लक्षात आले की ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना मी मागितला होता आणि ॲप तो रिकामा ठेवायला कचरत होते. आता सूचनेतच लिहितो की नाव स्पष्ट नसेल तर ‘नोंद नाही’ असे लिहावे, प्रत्येक नावापुढे नोंदवहीतील मूळ ओळ जशीच्या तशी द्यावी आणि उपस्थितांच्या यादीबाहेरचे नाव वेगळे दाखवावे. मूळ ओळ समोर असली की चूक लगेच दिसते, कारण ओळीत खजिनदार आणि रकान्यात जोशी असे जमत नाही. उपस्थितांची यादी मात्र मी स्वतः टंकून देतो.

अडचणी अजूनही आहेत. अनुमोदकाच्या जागी आम्ही ‘वरीलप्रमाणे’ अर्थाच्या दोन तिरप्या रेघा मारतो, त्या ॲपने एकदा ‘११’ वाचल्या. खोडलेला ठरावही मंजूर म्हणून येतो. म्हणून नोंदवहीतील ठराव आधी हाताने मोजतो. शिवणीजवळची अक्षरे वाकतात, तेव्हा पान सपाट दाबून दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावा लागतो.

अध्यक्षांची सही नोंदवहीवरच होते. तक्ता केवळ पाठपुराव्यासाठी. मात्र त्यामुळे माझा रविवारचा दीड तास वाचतो, म्हणून पुढील महिन्याचेही पैसे भरले आहेत. नोंदवहीत आता दोन्ही जोशींची नावे मी पूर्ण लिहितो.