थर्मल लोकरीचं, पॉलिस्टरचं की सुती? एका हिवाळ्याच्या वापरानंतर

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मी तीन प्रकारची थर्मल आलटून पालटून वापरली. पहिलं १५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणाऱ्या पातळ विणीचं, मेरिनो लोकरीचं. दुसरं ट्रेकिंगसाठी विकतात ते पातळ पॉलिस्टरचं. तिसरं आपल्याकडे दर हिवाळ्यात कपड्यांच्या दुकानात मिळतं ते नेहमीचं घरगुती थर्मल, ज्याच्या लेबलवर निम्म्याहून जास्त कॉटन असतं. डिसेंबरात केदारकंठा आणि फेब्रुवारीत ब्रह्मताल हे उत्तराखंडातले बर्फातले ट्रेक, मधल्या काळात हरिश्चंद्रगडावरचे मुक्काम आणि पुण्यातली पहाटेची सायकल, असा हा वापर आहे.

दुकानात आपण कपडा चिमटीत धरून बघतो आणि विचारतो, "गरम आहे ना?" कोरडं असताना ही तिन्ही थर्मल जवळपास सारखीच ऊब देतात, कारण ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. फरक पडतो तो घाम आल्यावर, आणि त्यातही चढ संपवून आपण थांबतो तेव्हा. म्हणून थर्मल निवडताना ते किती गरम आहे यापेक्षा ओलं झाल्यावर ते काय करतं, हे आधी बघायला हवं.

केदारकंठ्याचंच घ्या. शेवटच्या कॅम्पवरून पहाटे तीनच्या सुमारास निघतात, कारण सूर्योदयाला साडेबारा हजार फुटांवरच्या माथ्यावर पोचायचं असतं. निघताना तापमान उणे दहाच्या आसपास असतं, त्यामुळे सगळे मिळतील ते कपडे चढवून निघतात. अर्ध्या तासात बर्फातला चढ सुरू होतो, अंग तापतं, जॅकेटच्या आत घाम धरतो, पण अंधारात थांबून कपडे काढायचा कंटाळा येतो. मग माथा येतो. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछवर ऊन यायची वाट बघत वाऱ्यात अर्धा तास उभं राहायचं असतं. थर्मलची खरी परीक्षा तिथे असते.

माझ्या मावसभावाच्या अंगात घरगुती सुती थर्मल होतं, वर फ्लीस आणि जाड जॅकेट. चढताना त्याची काही तक्रार नव्हती. माथ्यावर पाचेक मिनिटांत तो म्हणाला, "ताई, पाठीवर कुणीतरी बर्फाची लादी ठेवलीय असं वाटतंय." बॅग काढून हात घातला तर पाठ, कंबर आणि बगला पिळून काढाव्यात इतक्या ओल्या होत्या आणि कापड कातडीला घट्ट चिकटलं होतं. वरचं जॅकेट मात्र बाहेरून कोरडं होतं, त्यामुळे त्याच्याकडे नुसतं बघून कुणाला काही कळलं नसतं. हुडहुडी भरली तेव्हा आम्ही त्याला दगडाच्या आडोशाला नेलं, ओलं थर्मल काढून माझ्या बॅगेतलं जादा पॉलिस्टरचं अंगात घातलं आणि लगेच उतरायला सुरुवात केली. उतरताना तो पुन्हा गरम झाला. माथ्यावर आणखी थांबलो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती.

असं का होतं हे समजायला घरी एक साधा प्रयोग केला. तिन्ही प्रकारांतले वरचे टीशर्ट पाण्यात बुडवले, टॉवेलात गुंडाळून सारख्या जोराने पिळले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. पॉलिस्टरच्या कापडात साठेक ग्रॅम पाणी उरलं, लोकरीत शंभरच्या थोडं वर आणि सुती कापडात दीडशेच्या आसपास. सावलीत वाळत घातल्यावर दोन तासांनी पॉलिस्टर हाताला कोरडं लागत होतं, लोकरीचे काठ दमट होते आणि सुतीच्या शिवणी चक्क ओल्या होत्या.

आता या पाण्याचा हिशोब अंगाच्या बाजूने मांडू. एक ग्रॅम घाम वाळवायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे शंभर ग्रॅमला ५८ किलोकॅलरी. शांत बसलेलं शरीर तासाभरात साधारण सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतं. कपडा अंगालाच चिकटलेला असला की वाळायला लागणारी उष्णता बहुतांशी अंगातूनच जाते. दीडशे ग्रॅम पाणी धरून बसलेलं सुती थर्मल अंगावर वाळवायचं म्हणजे तासाभरात तयार होणाऱ्या उष्णतेपेक्षाही जास्त खर्च. शिवाय पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि ओला सुती धागा लुळा पडत असल्यामुळे मधली हवाही निघून जाते. मावसभावाला वाटत होती ती बर्फाची लादी ही.

मग लोकरीतही शंभर ग्रॅम पाणी राहतं, तर ती पॉलिस्टरपेक्षा मागे पडायला हवी. तसं होत नाही, कारण डोंगरावर आपण बादलीत बुडत नाही. घाम आधी वाफ होऊन कापडात शिरतो. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के वाफ धाग्याच्या आत शोषून घेऊ शकतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. माझं मेरिनो वजनाला १९० ग्रॅम भरतं, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम वाफ त्यात मुरेपर्यंत मला ओलं जाणवतच नाही. शिवाय लोकरीच्या धाग्याला निसर्गतःच कुरळेपणा असतो, त्यामुळे दमट झाली तरी ती अंगापासून किंचित सुटी राहते आणि हवा धरून ठेवते. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळपास घेतच नाही, सामान्य हवेत वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडतो. त्यामुळे थांबल्यावर पॉलिस्टरमध्ये पहिली पाच-दहा मिनिटं चटकन गार वाटतं, पण मग ते वाळतं आणि प्रश्न मिटतो. लोकर हळूहळू वाळते, त्यामुळे तो गारठ्याचा झटका येत नाही, पण दमटपणा जास्त वेळ रेंगाळतो.

लोकर वाफ शोषताना थोडी उष्णता सोडते, हेही खरं आहे. विक्रेते हे फार रंगवून सांगतात. तंबूतल्या कोरड्या उबेतून बाहेरच्या दमट थंडीत पाऊल टाकल्यावर थोडा वेळ त्याचा उपयोग होतो. माथ्यावरच्या वाऱ्यात त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय. चढ, थांबा, फोटो, पुन्हा चढ अशी चाल असेल आणि सलग तीन-चार दिवस धुणं शक्य नसेल, तर वरच्या अंगाला लोकरच. ब्रह्मतालला लोहाजंगहून निघाल्यापासून परत येईपर्यंत एकच मेरिनो वापरलं आणि तंबूत शेजारी झोपलेल्या मैत्रिणीनेही वासाबद्दल ब्र काढला नाही. पॉलिस्टरला दुसऱ्याच संध्याकाळी आंबूस वास येतो आणि काही महिन्यांनी तो धुतल्यावरही पूर्ण जात नाही, कारण अंगाचा तेलकटपणा त्या धाग्याला धरून राहतो. उलट, न थांबता जोरात हालचाल असेल, म्हणजे सायकल, पळणं किंवा भरभर चढणं, तर पॉलिस्टर सरस. तिथे घाम इतका येतो की लोकरीची शोषायची ताकद पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच संपते आणि मग ती नुसती जड होते. पायांनाही मी पॉलिस्टरच घालते. मांड्यांना पाठीइतका घाम येत नाही, आणि घर्षणाने पातळ लोकर तिथे लवकर विरते.

सुती थर्मलला मी घरातून हाकलून दिलेलं नाही. पुण्यात जानेवारीत पारा दहापर्यंत उतरतो तेव्हा रात्री अंथरुणात ते छान वाटतं. हरिश्चंद्रगडावरही झोपण्यापुरतं चालतं, पण चढून गेल्यावर कोरडं अंगात घालायचं या अटीवर. जे थर्मल घालून चढलो तेच घालून झोपणं मात्र नको, मग ते कशाचंही असो. बर्फातल्या कॅम्पसाठी झोपायचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवते आणि त्यात एक पाऊलही चढत नाही. दिवसाचं दमट पॉलिस्टर तंबूत दोरीवर टाकलं तर सकाळी ते कडक झालेलं मिळतं. त्यापेक्षा ते स्लीपिंग बॅगमध्ये कोरड्या जोडाच्या वर, पोटाशी घेतलं की पहाटेपर्यंत बऱ्यापैकी वाळतं. सुती असं वाळत नाही, उलट स्लीपिंग बॅगच दमट करतं.

खरेदी करताना पुढच्या बाजूला काय छापलंय ते बघू नका. "वुलन टच", "विंटर वेअर" या शब्दांवरून काहीच ठरत नाही. आतल्या शिवणीत छोटं लेबल असतं, त्यावरची टक्केवारी वाचा. लेबल नसेल किंवा शंका असेल, तर घरी आल्यावर आतल्या शिवणीच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. मात्र तो धागा कापडाचाच हवा, कारण शिवायचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझत जाते आणि उरलेला काळा गोळा बोटाने चुरगळतो. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, तेव्हा राखेत टणक कण लागतात का ते बोटाने बघायचं.

मापात अंगाला लागून बसेल असंच घ्या. सैल थर्मलमध्ये घाम कापडापर्यंत पोचतच नाही, कातडीवरच राहतो. लोकर टोचते अशी तक्रार असते तिथे धाग्याची जाडी विचारा. १९ मायक्रॉनच्या आतली मेरिनो माझ्या मानेला टोचत नाही. घरी विणलेल्या स्वेटरची जाड लोकर टोचते, त्यावरून सगळ्या लोकरीला नाव ठेवू नये.

मेरिनोची किंमत पॉलिस्टरच्या साधारण चौपट पडते आणि ती तितकी टिकाऊही नाही. माझ्या टीशर्टला बॅगेच्या पट्ट्याखाली विरल्याची खूण दिसायला लागली आहे. म्हणून पैसे मोजकेच असतील तर पूर्ण सेट घेऊ नका. आधी लोकरीचा एकच वरचा टीशर्ट घ्या, पायांना साधं पॉलिस्टर घ्या, आणि उरलेल्या पैशांत पॉलिस्टरचा जादा टीशर्ट बॅगेत ठेवा.

धुताना लोकरीला सौम्य द्रव साबण वापरते. नेहमीच्या पावडरींमध्ये डाग काढणारी एन्झाइम असतात, ती लोकरीचा धागाही खातात. पॉलिस्टरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, त्याचा थर बसला की घाम पसरणं कमी होतं. लोकर दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने लांबते, म्हणून ती सावलीत आडवी पसरते. हंगाम संपल्यावर न धुता कपाटात टाकली तर कसर लागते, आणि घामाचे डाग असतील तिथे आधी लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, झिप असलेल्या पिशवीत हवा काढून ठेवायची. माझी तशी ठेवली आहेत. डांबराच्या गोळ्या टाकलेल्या नाहीत, कारण त्यांचा वास पुढच्या डिसेंबरात तंबूत सगळ्यांना सोसावा लागतो.