स्तरित, समूह की सोयीस्कर? नमुना निवड ठरवताना

संशोधन प्रस्तावात एक चूक मला वारंवार दिसते: पद्धत ‘समूह नमुना’ आणि नमुन्याचा आकार ३८४. हा ३८४ आकडा साध्या यादृच्छिक निवडीचा आहे (९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी, प्रमाण ५० टक्के धरून). समूह पद्धतीला तो पुरत नाही.

समजा, एका जिल्ह्यातल्या नववीच्या किती मुलांची झोप आठ तासांपेक्षा कमी आहे, हे शोधायचं आहे. स्तरित पद्धतीत मुलांचे शहरी आणि ग्रामीण असे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून काही मुलं निवडायची. त्यासाठी प्रत्येक मुलाचं नाव असलेली, स्तराची नोंद केलेली यादी हवी. अशी यादी हाती असेल तर मी डोळे झाकून हीच पद्धत घेईन. स्तरांमध्ये झोपेचा फरक मोठा असेल, तर तेवढ्याच मुलांत अंदाज जास्त अचूक येतो.

पण जिल्ह्याची अशी यादी सहसा हाती नसते; शाळांची असते. मग आधी शाळा निवडायच्या आणि निवडलेल्या शाळांतलीच मुलं घ्यायची. हा समूह नमुना. प्रवास वाचतो, पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: शाळेची वेळ तीच, गृहपाठ तोच. त्यामुळे विसाव्या मुलाकडून नवी माहिती थोडीच मिळते. आकार किती वाढवायचा, ते या गुणकाने ठरतं:

```
DEFF = 1 + (m - 1) × ICC
```

`m` म्हणजे एका शाळेतली मुलं, `ICC` म्हणजे त्यांच्यातलं साम्य. ते आधीच्या अभ्यासातून घ्यावं. इथे ०.०५ धरू. शाळेमागे २० मुलं घेतली तर गुणक १.९५, म्हणजे ७४९ मुलं आणि ३८ शाळा. शाळेमागे १० घेतली तर गुणक १.४५, मुलं ५५७ पण शाळा ५६. एक शाळा गाठणं महाग असेल तर पहिला पर्याय, प्रत्येक मुलाची मुलाखत लांबलचक असेल तर दुसरा. शाळा पटसंख्येच्या प्रमाणात निवडा. नाहीतर लहान शाळेतल्या मुलाची निवड होण्याची शक्यता जास्त राहते. विश्लेषणातही समूहांचा हिशेब ठेवावा लागतो.

सोयीस्कर नमुना म्हणजे ओळखीच्या शाळेत जाऊन भेटतील ती मुलं. प्रश्नावली तपासायला तो चांगला. जिल्ह्याचा टक्का सांगायला नाही, कारण कोणत्या मुलाची निवड होण्याची शक्यता किती, हेच माहीत नसतं. तिथे हजार मुलं घेतली तरी हा दोष जात नाही.

समर्थन मी असं लिहीन: ‘विद्यार्थ्यांची जिल्हास्तरीय यादी उपलब्ध नसल्याने शाळा हा समूह धरला आहे. शहरी व ग्रामीण शाळांतून पटसंख्येच्या प्रमाणात एकूण ३८ शाळा आणि प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावरून २० विद्यार्थी यादृच्छिकपणे निवडले जातील. नमुन्याचा आकार १.९५ या गुणकाने वाढवला आहे.’